स्क्रीन फुटली, क्लेम नाकारला: पॉलिसीची अट आणि खरेदीची तारीख दाखवून अपील कसे करावे

मोबाइलच्या स्क्रीनचा क्लेम नाकारला की बहुतेक लोक कस्टमर केअरला पुन्हा पुन्हा फोन करतात, किंवा 'तुमची सेवा वाईट आहे' असा लांबलचक ईमेल पाठवतात. या दोन्हींनी निर्णय बदलत नाही, कारण समोरच्या माणसाकडे फक्त ठरलेले कारण वाचून दाखवण्याचे काम असते. निर्णय बदलतो तो पॉलिसीतले एक वाक्य आणि बिलावरची एक तारीख शेजारी शेजारी ठेवल्यावर. ही जोडी नीट जुळवण्यातच लोक चुकतात, म्हणून हा लेख मुख्यतः तेवढ्यासाठी आहे.

## १. आधी ओळखा: हा विमा आहे की प्रोटेक्शन प्लॅन?

फोनबरोबर दुकानात किंवा ॲपवर विकले जाणारे सगळेच 'इन्शुरन्स' नसते. काही वेळा खरोखर विमा कंपनीची पॉलिसी असते आणि तुम्हाला तिचे प्रमाणपत्र मिळते. काही वेळा तो सेवा कंपनीचा स्क्रीन प्रोटेक्शन प्लॅन असतो. त्यामागे त्या कंपनीने स्वतःसाठी विमा घेतलेला असेलही, पण तुमचा करार सेवा कंपनीशी असतो. दोन्हींचे अपील वेगळ्या दारात जाते आणि चुकीच्या दारात महिना-दोन महिने सहज जातात.

ओळखायची पद्धत सोपी आहे. मिळालेल्या कागदावर विमा कंपनीचे नाव, पॉलिसी क्रमांक किंवा विमा प्रमाणपत्र क्रमांक, विमा नियामक आयआरडीएआयचा नोंदणी क्रमांक आणि यूआयएन शोधा. यूआयएन हा प्रत्येक विमा योजनेचा स्वतंत्र क्रमांक असतो. हे सगळे दिसले तर तो विमा. 'सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट', 'प्लॅन मेंबरशिप' असे शब्द असतील आणि विमा कंपनीचा क्रमांकच नसेल, तर तो प्लॅन समजा.

तपासा: फोनच्या बिलावर प्लॅनची रक्कम वेगळ्या ओळीत दाखवली आहे का, ती कोणाच्या नावाने घेतली आहे आणि त्याची स्वतंत्र पावती ईमेलवर आली आहे का.

## २. फोन दुरुस्त करून घेऊ नका

फोनशिवाय राहणे कठीण असते, हे खरे. तरीही निर्णय अंतिम होईपर्यंत स्क्रीन बदलू नका. बदलली की नुकसान काय होते हे दाखवणारा पुरावाच उरत नाही, आणि बाहेरच्या दुकानात बदलली तर 'अधिकृत केंद्राबाहेर दुरुस्ती' हे कंपनीला आयते कारण मिळते.

अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन जॉब शीट आणि दुरुस्तीचे लेखी एस्टिमेट घ्या. जॉब शीटवर आयएमईआय हा फोनचा ओळख क्रमांक, नुकसानाचे वर्णन आणि तारीख या तीन गोष्टी असल्याच पाहिजेत. वर्णनात नुसते 'डिस्प्ले प्रॉब्लेम' असे लिहिलेले असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. 'डिस्प्लेची काच तडकली आहे, बाह्य आघात' असे स्पष्ट लिहिलेले हवे. 'डिस्प्ले प्रॉब्लेम' म्हणजे आतला बिघाड असा अर्थ लावून क्लेम नाकारता येतो.

काम अगदी अडलेच आणि स्क्रीन बदलावी लागली, तर आधी कंपनीला ईमेलने कळवा, चारही बाजूंचे फोटो काढा आणि काढलेला जुना डिस्प्ले सर्व्हिस सेंटरकडून परत मागून ठेवा.

## ३. नकार लेखी घ्या, अटीच्या क्रमांकासह

फोनवर 'तुमचा क्लेम रिजेक्ट झालाय' एवढेच सांगितले असेल, तर अपील करायला तुमच्या हातात काहीच नाही. ॲपमधली 'नॉट कव्हर्ड' ही ओळही पुरेशी नाही. असा एक छोटा ईमेल पाठवा:

> 'क्लेम क्र. ____ नाकारण्याचे कारण लेखी कळवावे. ज्या अटीच्या आधारे क्लेम नाकारला त्या अटीचा क्रमांक व मूळ मजकूर द्यावा. ती अट लागू करताना आपण कोणती तारीख किंवा कोणता कागद विचारात घेतला तेही कळवावे.'

शेवटचे वाक्य गाळू नका. तारखेच्या वादात कंपनीने कोणती तारीख धरली हेच तर कळायला हवे. विमा कंपनीला क्लेम नाकारताना पॉलिसीतल्या अटीचा संदर्भ द्यावा लागतो, त्यामुळे हा प्रश्न विचारणे तुमचा हक्क आहे.

या पत्राचा दुसरा फायदाही मोठा आहे. सर्वोच्च न्यायालयाने सौराष्ट्र केमिकल्स विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स (२०१९) या खटल्यात म्हटले आहे की नकाराच्या पत्रात न दिलेले कारण विमा कंपनीला नंतर पुढे करता येत नाही. म्हणजे कारण एकदा लेखी आले की वादाचे मैदान तिथेच आखले जाते. आज 'उशिरा प्लॅन घेतला' म्हणायचे आणि ते खोडले की उद्या 'उशिरा कळवले' म्हणायचे, याला आळा बसतो.

सावध: नकार आल्यावर ॲपमधून लगेच दुसरा नवा क्लेम टाकू नका. दोन क्लेममध्ये नुकसानाची तारीख किंवा वर्णन थोडे जरी वेगळे पडले, तर तोच विसंगतीचा मुद्दा होतो.

## ४. पॉलिसीचे योग्य शब्द मिळवा

वेबसाइटवर आज जे पॉलिसी वर्डिंग दिसते ते तुमचे असेलच असे नाही. अटी बदलत राहतात. तुम्ही प्लॅन घेतला त्या दिवशी लागू असलेला मजकूर हवा. तो सहसा प्लॅन सुरू झाल्याच्या ईमेलमध्ये जोडलेला असतो किंवा त्यात लिंक असते. सापडला नाही तर कंपनीकडे 'प्रमाणपत्र क्र. ____ ला लागू असलेले संपूर्ण वर्डिंग' मागा. समूह विमा असेल, म्हणजे दुकान, बँक किंवा ॲपच्या नावावर मुख्य पॉलिसी असेल, तर मुख्य पॉलिसीतल्या तुम्हाला लागू होणाऱ्या अटी आणि अपवादही मागा.

वर्डिंग हाती आले की पूर्ण वाचत बसू नका. आधी व्याख्यांचे पान उघडा. 'खरेदीची तारीख', 'संरक्षण सुरू होण्याची तारीख' आणि 'अपघाती नुकसान' या तीन व्याख्या शोधा. मग पात्रतेची अट, म्हणजे फोन घेतल्यापासून किती दिवसांत प्लॅन घ्यायचा ती ओळ. शेवटी अपवाद आणि क्लेम कळवण्याची मुदत. स्क्रीनच्या जवळपास सगळ्या वादांचे उत्तर या सहा जागांत असते.

व्याख्याच दिलेली नसेल, किंवा एका जागी 'खरेदीची तारीख' आणि दुसरीकडे 'ॲक्टिव्हेशनची तारीख' असे लिहिले असेल, तरी तो मुद्दा तुमच्या बाजूचा आहे. मजकूर कंपनीने लिहिलेला असतो. त्यात संदिग्धता असेल तर अर्थ ग्राहकाच्या बाजूने लावायचा, हे विमा कायद्यातले जुने, प्रस्थापित तत्त्व आहे.

## ५. तारखांचा तक्ता करा

हा टप्पा सर्वात महत्त्वाचा, आणि लोक नेमका हाच गाळतात. 'मी मार्चमध्ये फोन घेतला' असे मोघम लिहून भागत नाही. ऑनलाइन खरेदीत एकाच फोनला चार-पाच तारखा असतात आणि कंपनीच्या प्रणालीत त्यांतली भलतीच तारीख चढलेली असू शकते. कागद समोर घेऊन लिहा. एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू.

२४,९९९ रुपयांचा फोन. पॉलिसीत अट अशी: 'फोनच्या खरेदीच्या तारखेपासून ७ दिवसांच्या आत संरक्षण घेतलेले असावे.' व्याख्या अशी: 'खरेदीची तारीख म्हणजे फोनच्या टॅक्स इन्व्हॉइसवरील तारीख.' तारखा अशा:

- ऑर्डर: रविवार, २ मार्च २०२५ (ऑर्डरचा ईमेल)
- टॅक्स इन्व्हॉइस: सोमवार, ३ मार्च (बिल)
- डिलिव्हरी: गुरुवार, ६ मार्च (डिलिव्हरीचा संदेश)
- प्लॅनचे पैसे भरले, प्रमाणपत्र मिळाले: सोमवार, १० मार्च
- फोन पडला, स्क्रीन तडकली: शुक्रवार, २८ मार्च
- क्लेम कळवला: शनिवार, २९ मार्च
- नकार: ४ एप्रिल. कारण, 'फोन खरेदीनंतर ७ दिवस उलटल्यावर प्लॅन घेतला, पात्र नाही.'

विचारल्यावर कळते, कंपनीने २ मार्च ही ऑर्डरची तारीख धरली. २ मार्चपासून ७ दिवस ९ मार्चला संपतात, म्हणून १० मार्चचा प्लॅन एका दिवसाने बाहेर.

आता पॉलिसीची व्याख्या लावू. खरेदीची तारीख ३ मार्च. 'तारखेपासून' इतके दिवस असे म्हटले की सुरुवातीचा दिवस सोडून मोजायचे, ही मोजणीची रूढ कायदेशीर पद्धत आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचे कलम ९ कायद्यांच्या मजकुराबाबत हेच सांगते. म्हणजे ४ मार्च हा पहिला दिवस आणि १० मार्च हा सातवा. प्लॅन मुदतीत घेतलेला आहे.

इथे दोन्ही मुद्दे लागतात हे लक्षात घ्या. फक्त 'बिलाची तारीख धरा' एवढेच लिहिले, तर कंपनी ३ मार्च हाच पहिला दिवस धरून ९ मार्चला मुदत संपवेल आणि पुन्हा नकार देईल. तारीखही दाखवायची आणि मोजणीही करून दाखवायची.

याच तक्त्यातून आणखी एक मुद्दा निघतो. प्लॅन घेताना बिल अपलोड करून घेतले असेल, तर कंपनीने ३ मार्च ही तारीख पाहूनच पैसे घेतले आणि प्रमाणपत्र दिले. पात्रता तेव्हा तपासायची होती, क्लेम आल्यावर नाही. हा मुद्दा दुसऱ्या क्रमांकावर ठेवा, कारण पहिला मुद्दा स्वतःच्या पायावर उभा आहे.

तपासा: अटीत 'खरेदीचा दिवस धरून' असे शब्द आहेत का? असतील तर पहिला दिवस सोडता येत नाही आणि वरच्या उदाहरणातली मोजणी टिकत नाही. प्रतीक्षा कालावधी आहे का तेही याच वेळी पाहा. प्लॅन घेतल्यावर पहिले काही दिवस संरक्षण नसते अशी अट असू शकते, आणि फोन त्या काळात पडला असेल तर बिलाची तारीख उपयोगी पडत नाही.

### ॲक्टिव्हेशनची तारीख आडवी आली तर

फोन कंपनीच्या वॉरंटी तपासणीत आयएमईआय टाकला की ॲक्टिव्हेशनची तारीख दिसते. दुकानदाराने फोन आधी सुरू करून पाहिला असेल, तर ही तारीख बिलाच्या आधीची असते आणि 'फोन जुना होता' असा निष्कर्ष काढला जातो. अशा वेळी दुकानदाराकडून त्याच्या लेटरहेडवर दोन ओळी घ्या: अमुक आयएमईआयचा फोन अमुक तारखेला, अमुक बिल क्रमांकाने नवा विकला. जीएसटी क्रमांक आणि सही-शिक्का हवा.

### आयएमईआय जुळत नसेल तर

`*#06#` डायल करून दिसणारे क्रमांक बिलाशी पडताळा. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात. बिलावर एक आणि प्रमाणपत्रावर दुसरा, एवढ्यावरून क्लेम अडकलेला दिसतो. दोन्ही क्रमांक दाखवणारा स्क्रीनशॉट आणि खोक्यावरच्या लेबलचा फोटो जोडला की हा मुद्दा संपतो. वॉरंटीत फोन बदलून मिळाला असेल तर नव्या फोनचा क्रमांक वेगळाच असणार. तिथे बदलीची पावती लागते, आणि बदललेल्या फोनला संरक्षण लागू राहते का हे वर्डिंगमध्ये आधी पाहावे लागते.

## ६. लढण्यासारखी बाजू आहे का, प्रामाणिकपणे पाहा

स्क्रीन प्लॅन घेण्याआधीच तडकलेली असेल, फोन सेकंड-हँड असून प्लॅन फक्त नव्या फोनसाठी असेल, किंवा काचेवर नुसते ओरखडे असतील आणि वर्डिंग त्यांना स्पष्ट वगळत असेल, तर अपिलात वेळ घालवू नका. तारीख फिरवून सांगायचा मोह तर अजिबात नको. कस्टमर केअरला केलेला पहिला कॉल बहुधा रेकॉर्ड झालेला असतो, फोटोवर तारीख असते आणि खोटे एकदा पकडले गेले की खरा मुद्दाही मातीत जातो.

'उशिरा कळवले' या कारणाबाबत मात्र पटकन हार मानू नका. केवळ उशीर झाला म्हणून खरा क्लेम यांत्रिकपणे नाकारू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने ओम प्रकाश विरुद्ध रिलायन्स जनरल इन्शुरन्स (२०१७) या खटल्यात सांगितले आहे. ते प्रकरण वाहनचोरीचे होते, पण तत्त्व इथेही मांडता येते. अट एकच: उशिराचे समाधानकारक कारण आणि त्याचा कागद हवा. दवाखान्याचे कागद किंवा प्रवासाचे तिकीट चालते. 'वेळ मिळाला नाही' हे कारण होत नाही.

## ७. अपिलाचे पत्र

पत्र एका पानाचे ठेवा. ते कस्टमर केअरला नको; विमा असेल तर विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा. त्यांचा ईमेल कंपनीच्या वेबसाइटवर आणि पॉलिसीत दिलेला असतो. पॉलिसी इंग्रजीत असेल तर अट तिच्या मूळ शब्दांतच, एकही शब्द न बदलता उतरवा. स्वतःच्या भाषेत सांगितलेली अट वादग्रस्त ठरते. वरच्या उदाहरणाचे पत्र असे होईल:

> विषय: क्लेम क्र. ____, प्रमाणपत्र क्र. ____, आयएमईआय ____ : ४ एप्रिल २०२५ च्या नकाराविरुद्ध अपील
>
> १. माझा क्लेम 'फोन खरेदीनंतर ७ दिवस उलटल्यावर प्लॅन घेतला' या कारणाने नाकारला आहे. आपल्या ईमेलनुसार खरेदीची तारीख २ मार्च धरली आहे.
>
> २. पॉलिसीतील व्याख्या क्र. ____ अशी आहे: '(मूळ मजकूर)'. त्यानुसार खरेदीची तारीख टॅक्स इन्व्हॉइसवरची, म्हणजे ३ मार्च २०२५ आहे. २ मार्च ही फक्त ऑर्डरची तारीख आहे. (जोडपत्र १, २)
>
> ३. अट क्र. ____ नुसार मुदत खरेदीच्या तारखेपासून ७ दिवस आहे. ३ मार्च वगळता सातवा दिवस १० मार्च येतो. प्लॅन १० मार्च रोजीच घेतला आहे. (जोडपत्र ३)
>
> ४. प्लॅन घेताना हेच बिल मी अपलोड केले होते. ते पाहून आपण रक्कम स्वीकारली व प्रमाणपत्र दिले. (जोडपत्र ४)
>
> ५. नुकसान २८ मार्च रोजी, म्हणजे संरक्षणाच्या काळात झाले व २९ मार्च रोजी कळवले. (जोडपत्र ५, ६)
>
> मागणी: नकार रद्द करून एस्टिमेटनुसार ____ रुपये, पॉलिसीतील अनिवार्य वजावट सोडून, मंजूर करावेत. अपील मान्य नसल्यास अटीच्या क्रमांकासह लेखी कारण द्यावे.

मागणीतली रक्कम स्वतः काढून लिहा. अनिवार्य वजावट म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुम्ही स्वतः सोसायची ठरलेली रक्कम. एस्टिमेट ८,४०० रुपये आणि अनिवार्य वजावट ५०० रुपये असेल तर ७,९०० मागा. पूर्ण ८,४०० मागितले तर आपण पॉलिसी वाचलेली नाही असेच दिसते. मनस्ताप, वाईट वागणूक, सोशल मीडियावर टाकण्याची धमकी यांतले काही या पत्रात घालू नका.

सावध: जोडपत्रांना क्रमांक द्या आणि सगळी एकाच पीडीएफमध्ये त्याच क्रमाने लावा. दहा सुटे फोटो पाठवले की त्यांतला बिलाचा फोटोच बघितला जात नाही. पाठवल्यावर तक्रारीचा क्रमांक मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

## ८. उत्तर आले नाही किंवा पुन्हा नकार आला तर

विमा असेल तर: विमा कंपनीने तक्रारीवर १४ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तो आला नाही किंवा पटला नाही तर `bimabharosa.irdai.gov.in` वर तक्रार नोंदवा. १५५२५५ या टोल-फ्री क्रमांकावरही नोंदवता येते. इथे आयआरडीएआय न्यायनिवाडा करत नाही. तक्रार कंपनीकडेच जाते, फक्त तिच्यावर नियामकाची नजर राहते. त्यामुळे इथे उत्तर मनासारखे आले नाही म्हणून थांबू नका.

खरा निवाडा विमा लोकपाल करतात. तिथे जायच्या अटी अशा: आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी, आणि ती फेटाळली गेलेली असावी, किंवा महिनाभरात उत्तर आलेले नसावे, किंवा आलेले उत्तर तुम्हाला मान्य नसावे. त्यानंतर एक वर्षाच्या आत अर्ज करायचा. फी नाही, वकील चालत नाही, तुम्हीच बोलायचे. समूह विम्यातल्या सदस्यालाही तक्रार करता येते. अर्ज `cioins.co.in` वर ऑनलाइन होतो, आणि तुमचा जिल्हा कोणत्या कार्यालयाकडे येतो हे तिथेच पाहा. मुंबई महानगर परिसरातल्या वाचकांनी हे नक्की पाहावे, कारण शेजारच्या भागांची कार्यालये वेगळी असू शकतात. निवाडा विमा कंपनीवर बंधनकारक असतो आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांत तिने तो पाळायचा असतो.

सावध: तेच प्रकरण ग्राहक आयोगात किंवा न्यायालयात चालू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत. म्हणून क्रम आधी लोकपालांचा ठेवा.

प्रोटेक्शन प्लॅन असेल तर: लोकपालांचे दार तुमच्यासाठी नाही. सेवा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला वरचेच पत्र, 'पॉलिसी'च्या जागी 'प्लॅनच्या अटी' असा बदल करून पाठवा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. ही हेल्पलाइन मध्यस्थी करते, आदेश देत नाही. तरी छोट्या रकमेचे बरेच वाद इथेच मिटण्याजोगे असतात. तेही झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वादाचे कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. नोंदणी `e-jagriti.gov.in` वर होते. विकणारा प्लॅटफॉर्म किंवा दुकान आणि सेवा कंपनी, दोघांनाही विरुद्ध पक्ष करा; नाहीतर सुनावणीत दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

लोकपाल असोत की आयोग, तिथे नवे काही लिहायला बसू नका. तोच तारखांचा तक्ता, तीच जोडपत्रे त्याच क्रमांकांनी, आणि वर फक्त आतापर्यंतच्या पत्रव्यवहाराच्या तारखा जोडा. सुनावणीला जाताना मूळ बिलाची प्रत वेगळी हातात ठेवा, कारण पहिला प्रश्न बहुधा तिच्यावरच्या तारखेबद्दलच येतो.